काठीचा साप, दोरीचा साप : खरा चमत्कार ओळखायचा कसा?

अब्बासी खलिफांच्या काळातल्या अरबी किस्से-संग्रहांत प्रेषित असल्याचा दावा करणाऱ्या भामट्यांच्या गोष्टी हमखास सापडतात. त्यातली एक अशी. एका दावेदाराला पकडून खलिफापुढे उभं करतात. खलिफा विचारतो, तुझा चमत्कार कोणता? तो म्हणतो, तुमच्या मनात आत्ता काय चाललंय ते मला कळतं. खलिफा म्हणतो, सांग बघू. तो सांगतो, तुम्ही मनात म्हणताय की हा माणूस खोटारडा आहे. खलिफाला हसू आवरत नाही.

गंमत सोडली तरी गोष्टीत एक पेच आहे. त्या माणसाने सांगितलेलं तंतोतंत खरं होतं. दावा आणि घटना जुळल्या. तरीही कुणाला तो चमत्कार वाटला नाही. का वाटला नाही, याचं नीट उत्तर देणं सोपं नाही. नवव्या ते चौदाव्या शतकांत बसरा, बगदाद, रय, निशापूर, कोर्दोबा आणि कैरो इथल्या मुस्लिम पंडितांनी या प्रश्नावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. तर्काच्या आधारे धर्मसिद्धांत मांडणाऱ्या त्यांच्या शास्त्राला ‘कलाम’ म्हणतात. प्रेषिताचा चमत्कार म्हणजे मुअजिझा, संताचा चमत्कार म्हणजे करामत, जादू म्हणजे सिहर आणि निव्वळ हातचलाखी म्हणजे हीला, अशा पेट्या त्यांनी पाडल्या. बगदादचा काझी बाकिल्लानी (मृत्यू 1013) याने तर या सगळ्यांतला फरक सांगणारा एक ग्रंथच लिहिला. पेट्या पाडणं सोपं होतं. समोर घडणारी एखादी गोष्ट कोणत्या पेटीत टाकायची, हा खरा वाद होता. या वादाचा हा आढावा.

राजाच्या दरबारातला माणूस

हा प्रश्न इतका जिव्हाळ्याचा का झाला, हे आधी पाहू. कुणीतरी उठून म्हणतो, मला ईश्वराने पाठवलं आहे, माझं ऐका. त्याचं का ऐकायचं? तो बुद्धीला पटणारंच सांगत असेल तर त्याची गरज नाही. बुद्धीला न पटणारं सांगत असेल तर ते मानण्याचं कारण नाही. मजा अशी की कलामच्या ग्रंथांत हा आक्षेप ‘बराहिमा’ म्हणजे हिंदुस्थानातले ब्राह्मण घेतात. प्रत्यक्षात कोणत्या ब्राह्मणांनी असं म्हटलं होतं, याचा शोध लागलेला नाही. नवव्या शतकातला बंडखोर लेखक इब्न अल-रावंदी याने आपलेच आक्षेप ब्राह्मणांच्या तोंडी घातले, असं विसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांचं मत आहे. आक्षेप कुणाचाही असो, त्याला उत्तर देणं भाग होतं. कलामकारांचं उत्तर होतं चमत्कार : तो दावेदाराच्या सच्चेपणाचा पुरावा.

पण विलक्षण घटना हा एखाद्या विधानाचा पुरावा कसा होतो? इमाम जुवैनी (मृत्यू 1085) या निशापूरच्या पंडिताने यासाठी दिलेला दाखला पुढे शतकानुशतकं चालला. भरलेला दरबार आहे, राजा सिंहासनावर आहे. एक माणूस उठून लोकांना म्हणतो, मी राजाचा दूत आहे. मग राजाकडे वळून म्हणतो, महाराज, मी खरं बोलत असेन तर आपला रिवाज मोडा, उभे राहा आणि पुन्हा बसा. राजा उभा राहतो आणि बसतो. राजा तोंडाने एक शब्दही बोललेला नाही. पण ‘हा खरं बोलतोय’ असं त्याने सांगितल्यातच जमा आहे, हे दरबारातल्या प्रत्येकाला कळतं.

हा दाखला उलगडला की चमत्काराच्या बहुतेक अटी त्यातून निघतात. कृती राजाची हवी, दूताची नव्हे. दूताने स्वतःच उठबशा काढल्या तर काहीच सिद्ध होत नाही. कृती नेहमीच्या रिवाजाबाहेरची हवी, कारण राजा रोज त्या वेळी उठतच असेल तर त्यातून काही कळणार नाही. कृती दाव्यानंतर आणि दाव्याला धरून हवी. महिनाभरापूर्वी राजा कधीतरी उभा राहिला होता, हे सांगून उपयोग नाही. दुसऱ्या कुणालाही तीच गोष्ट करून दाखवता येता कामा नये. आणि घडलेली घटना दाव्याच्या विरोधात जाता कामा नये. या शेवटच्या अटीसाठी कलामकारांचं आवडतं उदाहरण आहे : दावेदार म्हणतो, हे जनावर बोलेल हा माझा चमत्कार, आणि जनावर खरंच बोलतं, पण म्हणतं काय, तर हा माणूस खोटा आहे! विलक्षण घटना घडली, पण दावा बुडाला. प्रेषितपणाचा खोटा दावेदार मानला गेलेला मुसैलिमा विहिरीला पाणी वाढावं म्हणून त्यात थुंकला आणि विहीर आटली, अशी परंपरेतली कथा आहे. तीही याच खात्यात जमा होते.

म्हणजे अद्भुतपणा हा इथे फक्त एक घटक ठरला. दावा, आव्हान, घटना आणि प्रतिस्पर्ध्यांची हार हे सगळं एका ओळीत आलं तरच तो मुअजिझा. खलिफापुढच्या त्या भामट्याचा दावा अद्भुताच्या अटीवरच पडला. पकडून आणलेल्या माणसाला खलिफा खोटारडा समजत असणार, हे कुणीही सांगू शकलं असतं.

पारा भरलेल्या दोऱ्या

दुसऱ्या कुणाला करता येऊ नये, ही अट कागदावर सोपी आहे. प्रत्यक्षात ती तपासायला जादूगाराचा धंदा ठाऊक असावा लागतो. या कामात बगदादचा हनफी न्यायपंडित अबू बक्र अल-जस्सास (मृत्यू 981) मोठा तयारीचा होता. कुराणात मूसा आणि फिरऔनच्या जादूगारांचा प्रसंग आहे. मूसाची काठी साप झाली. जादूगारांनीही दोऱ्या आणि काठ्या टाकल्या आणि त्या पळत असल्याचा लोकांना भास झाला. जस्सासने या ‘भास’ शब्दावर बोट ठेवलं. त्याने नोंदवलेल्या स्पष्टीकरणानुसार त्या काठ्या आणि चामड्याच्या दोऱ्या आतून पोकळ होत्या, त्यांत पारा भरलेला होता आणि खालच्या जमिनीत आधीच खड्डे करून विस्तव ठेवला होता. पारा तापला की पसरू लागतो आणि दोरी वळवळते. हे भौतिकदृष्ट्या कितपत साधतं हा प्रश्न वेगळा. पण विचार करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. तिच्यामागचे प्रश्न असे : सामान कुणी आणलं, जागा कुणी निवडली, आधी तयारीला वेळ मिळाला होता का?

जस्सासच्या मते सिहर म्हणून जे काही चालतं ते बहुतांशी अशीच बनवाबनवी असते. जादूगाराकडे खरी शक्ती असती तर तो बाजारात चार नाण्यांसाठी खेळ का करत बसला असता, असा त्याचा सवाल आहे. प्रेषितावर कुणी जादूटोणा केला होता अशी एक प्रसिद्ध कथा हदीस-परंपरेत आहे. जस्सासने तीही नाकारली, कारण ती मानली तर प्रेषित आणि जादूगार यांच्यातली सीमारेषाच पुसली जाते असं त्याला वाटलं. बहुसंख्य पंडित मात्र ती कथा खरी मानत राहिले.

सुमारे सव्वादोनशे वर्षांनी फखरुद्दीन राझी (मृत्यू 1210) याने जादूचे आठ प्रकार पाडले. ताऱ्यांची उपासना आणि जिन्नांची मदत यांच्या बरोबरीने त्याच यादीत हातचलाखी, यंत्रांची करामत, औषधांचे परिणाम आणि चक्क चहाड्या लावून माणसांची मनं फिरवणंही आहे. यंत्रांच्या प्रकारात तो एक गोष्ट सांगतो. एका धर्मस्थळात पक्ष्याच्या आकाराचं एक पोकळ यंत्र बसवलेलं होतं. वारा आत शिरला की त्यातून एका विशिष्ट पक्ष्याच्या पिल्लासारखा करुण आवाज निघे. तो ऐकून त्या जातीचे पक्षी दयेने चोचीतून ऑलिव्हची फळं आणून टाकत. भाविकांना वाटे, हा त्या स्थानाचा महिमा.

यातून एक नियम निघतो : लबाडी ओळखायची तर त्या धंद्यातल्या माणसाला विचारा. मूसाच्या गोष्टीतही निर्णायक क्षण हाच आहे. काठीने दोऱ्या गिळल्या तेव्हा सर्वांत आधी मान तुकवली ती जादूगारांनी. फिरऔन आणि प्रजा यांना फरक कळायला वाव नव्हता. जादूगारांना कळला, कारण दोरी कशी हलते हे त्यांनाच ठाऊक होतं. बसऱ्याचा प्रतिभावान गद्यकार जाहिझ (मृत्यू 868 च्या सुमारास) याने हे सूत्र पुढे नेलं. प्रत्येक प्रेषिताचा चमत्कार त्याच्या काळात भरभराटीला आलेल्या विद्येतच होतो, असं तो म्हणतो. मूसाच्या काळी जादू, ईसाच्या काळी वैद्यक, मुहंमदाच्या काळी अरबांचं वक्तृत्व. यामागचं कारण अगदी व्यवहारी आहे. ज्या विद्येत पारख करणारे तज्ज्ञ भरपूर असतात, तिथेच ‘हे आमच्याने होणार नाही’ या कबुलीला किंमत असते.

चुंबक घेऊन आलेला माणूस

पण तज्ज्ञांनाही माहीत नसलेली गोष्ट असेल तर? यासाठी कलामच्या ग्रंथांत चुंबकाचं उदाहरण येतं. समजा, चुंबक कधीही न पाहिलेल्या एखाद्या मुलखात कुणी तो घेऊन गेला, लोखंड ओढून दाखवलं आणि म्हणाला, मी प्रेषित आहे. तिथल्या लोहारांनाही हे करता येणार नाही. मग तो खरा ठरणार का?

या प्रश्नावर दोन मोठे पंथ वेगळे झाले. एक मुअतझिला. ईश्वर न्यायी आहे आणि चांगलं-वाईट बुद्धीला कळतं, हा त्यांचा पाया. त्यांचा शेवटचा मोठा आचार्य काझी अब्दुल जब्बार (मृत्यू 1025) रय शहराचा मुख्य न्यायाधीश होता. त्याच्या ‘मुग्नी’ या सुमारे वीस खंडांच्या ग्रंथाचा पंधरावा खंड प्रेषितत्व आणि चमत्कार यांवर आहे. हा ग्रंथ जवळजवळ लुप्त झाला होता. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला येमेनमधल्या हस्तलिखितांत त्याचे बरेच खंड सापडले. दुसरा पंथ अशअरी. ईश्वर सर्वसमर्थ आहे, त्याच्यावर कोणतंही बंधन नाही आणि चांगलं-वाईट त्याच्या आज्ञेनेच ठरतं, असं ते मानत. बाकिल्लानी, जुवैनी, गझाली हे सगळे याच पंथातले.

मुअतझिलांचं उत्तर सरळ होतं. खोट्याला खरं ठरवणं वाईट आहे, आणि ईश्वर वाईट करत नाही. म्हणून खऱ्या दाव्याशिवाय खरा चमत्कार घडूच शकत नाही. चुंबक हा वस्तूचा गुण आहे. आज त्या गावात माहीत नसेल, उद्या कळेल आणि मग गावातलं पोर लोखंड ओढून दाखवील. याउलट मेलेल्याला उठवणं किंवा काठीचा जिवंत साप करणं हे कोणत्याही औषधाच्या वा दगडाच्या आवाक्यातलं नाही. पण या स्वच्छ उत्तराची किंमत मोठी होती. चमत्कार हा फक्त प्रेषितपणाचा शिक्का असेल, तर प्रेषित नसलेल्या कुणाच्याही हातून तो घडता कामा नये. म्हणून त्यांना जादूची खरी शक्ती नाकारावी लागली आणि संतांच्या करामतीही नाकाराव्या लागल्या.

अशअरींनी दोन्ही मान्य केलं. त्यांच्या मते अग्नी जाळतो तोही ईश्वराने पाडलेल्या रिवाजामुळेच, अग्नीच्या अंगच्या गुणामुळे नव्हे. मग जादूगाराच्या मंत्रानंतर कुणी आजारी पडला तर तोही एक रिवाजच. जादू खरी असू शकते. पण मग जादूगार आणि प्रेषित यांत फरक काय? बाकिल्लानीचं उत्तर असं : जादूगार जादू करतो तोवर चालेल, पण ज्या क्षणी तो प्रेषितपणाचा दावा करील त्या क्षणी ईश्वर त्याची जादू चालू देणार नाही. एकतर परिणाम घडणारच नाही, किंवा तीच गोष्ट करून दाखवणारा दुसरा कुणी समोर उभा राहील. चुंबकवाल्याचंही तेच. त्याच्यासारखाच दगड घेऊन दुसरा कुणी त्या गावात येईल.

इथे चाणाक्ष वाचक थांबेल, तसे मुअतझिलाही थांबले. ईश्वरावर काहीच बंधन नसेल, तर तो खोट्या माणसाला का अडवील? जुवैनीच्या दरबारात एक गोष्ट गृहीत होती : राजा थट्टा करत नाही. मुअतझिला म्हणत, राजा थट्टा करणार नाही हे आम्हाला बुद्धीने आधीच माहीत आहे. अशअरींना तसं म्हणता येत नव्हतं, कारण खोटं बोलणं वाईट हेच मुळी प्रेषिताकडून कळायचं होतं, आणि प्रेषित खरा की खोटा हेच तर ठरायचं होतं. जुवैनीने यावर दिलेलं उत्तर तर्काचं कमी आणि अनुभवाचं जास्त आहे. लाजलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची लाली पाहून तो लाजलाय हे आपण पुरावा न मागता ओळखतो. दरबारातल्या लोकांनाही राजा उठल्याचा अर्थ तसाच कळला. शक्यता तर्काने उरते, मनात मात्र शंका उरत नाही. माझ्या मते अशअरींच्या मांडणीतला हा सर्वांत प्रामाणिक भाग आहे आणि सर्वांत कच्चाही. दरबारात राजा डोळ्यांना दिसत होता.

मासा कुठून आला?

संतांच्या करामती मान्य केल्यावर नवा घोळ सुरू झाला. आता दावा न करता अद्भुत दाखवणाऱ्यांचीही पारख करायची होती. सूफी लेखक कुशैरी (मृत्यू 1072) याने एक नेटकी खूण सांगितली. प्रेषिताने चमत्कार जाहीर करायचा असतो, संताने करामत लपवायची असते. जो करामतीचं प्रदर्शन मांडतो त्याच्याविषयी सावध राहा. अशअरींपैकीच अबू इसहाक इस्फराईनी (मृत्यू 1027) याहून कडक होता. संताची प्रार्थना फळेल, ऐन वेळी पाणी मिळेल, पण निसर्गाचा रिवाज मोडण्याइतकं मोठं काही त्याच्या हातून घडणार नाही, असं त्याचं म्हणणं.

ही सावधगिरी का हवी होती, ते 922 मध्ये बगदादेत देहदंड झालेल्या हल्लाजविषयीच्या एका हकिकतीत दिसतं. काझी तनूखी (मृत्यू 994) याने ती लिहून ठेवली आहे. समुद्र आणि नद्या दूर असलेल्या डोंगराळ मुलखात हल्लाज राहत होता. एका संशयी पाहुण्याने त्याच्याकडे जिवंत मासा मागितला. हल्लाज आतल्या खोलीत गेला आणि थोड्या वेळाने गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून, हातात तडफडणारा मासा घेऊन बाहेर आला. ईश्वराने मला दक्षिण इराकच्या दलदलीत जायला सांगितलं, असं तो म्हणाला. पाहुण्याने ती खोली बघू देण्याची परवानगी मागितली. आत त्याला काही दिसेना. भिंतीच्या सागवानी फळ्या चाचपडताना एक फळी हलली आणि मागे दार निघालं. दारापलीकडे मोठी बाग होती, हंगामात नसलेली फळं नीट टिकवून ठेवलेली होती आणि एका हौदात मासे होते. पाहुण्याने पाण्यात उतरून एक मासा धरला. त्याचेही पाय चिखलाने भरले. बाहेर येऊन त्याने तो मासा हल्लाजच्या अंगावर फेकला आणि जीव घेऊन पळाला.

हे लिहिणारा तनूखी हल्लाजच्या विरोधकांच्या वर्तुळातला होता, हे विसरून चालणार नाही. सूफी परंपरेत हाच हल्लाज ईश्वरप्रेमाचा हुतात्मा आहे. हकीकत खरी मानायची की नाही, हे वाचकाने ठरवावं. पण तपासाची रीत अनुकरणीय आहे. पाहुण्याने मासा बघून समाधान मानलं नाही, मासा आला ती जागा पाहिली. चमत्काराची वस्तू तपासण्यापेक्षा तिच्या येण्याची वाट तपासणं जास्त फलदायी असतं.

दहा वर्षांचा मुका

आता या सगळ्या अटी एका अवघड प्रकरणावर लावून पाहू. तेराव्या शतकातला सीरियन लेखक जौबरी याने ठक, ढोंगी शेख आणि खोटे प्रेषित यांच्या क्लृप्त्या उघड करणारं एक पुस्तक लिहिलं. त्यात इसहाक नावाच्या माणसाची गोष्ट आहे. तो पश्चिमेकडून इस्फहानला आला. तौरात, इंजील, कुराण सगळं त्याला मुखोद्गत होतं. पण त्याने मुक्याचं सोंग घेतलं आणि दहा वर्षं एका पाठशाळेत तो तसाच राहिला. गावात लहानथोर सगळे त्याला मुका म्हणून ओळखू लागले. मग एका रात्री त्याने चेहऱ्याला स्वतः बनवलेला एक लेप लावला, विशिष्ट दिव्यांच्या उजेडात बसला आणि किंकाळी फोडली. लोक जागे झाले. पाहतात तर त्याचा चेहरा झळाळतोय आणि मुका गोड आवाजात कुराण म्हणतोय. देवदूतांनी येऊन आपल्या तोंडात काहीतरी मधुर घातलं आणि आपल्याला प्रेषित केलं, असं त्याने सांगितलं. मोठा जमाव त्याच्यामागे गेला, बंड झालं आणि शेवटी खलिफाच्या सैन्याने ते मोडलं.

कलामच्या अटींवर हे तपासलं तर? दावा आहे. विलक्षण घटना आहे. ती दाव्याला धरून आहे. गावातल्या वैद्यांना ती करता येणार नाही, म्हणजे तज्ज्ञांची अटही पार पडते. मग कुठे पकडायचं? कुशैरीची खूण इथे चालत नाही, कारण प्रेषिताने जाहीर करणंच अपेक्षित आहे. सापडण्याजोगी एकच फट आहे. तो मुका होता याचा पुरावा काय? त्याचंच वागणं. चमत्कार ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या फरकात असतो, आणि इथे ‘आधी’ची सगळी साक्ष दावेदारानेच पुरवलेली होती. जन्मापासून ओळखणारं कुणी इस्फहानात नव्हतं. परक्या गावाची निवड हाच त्या युक्तीचा अर्धा भाग होता.

यात बाकिल्लानीच्या हमीची मर्यादाही दिसते. ईश्वर खोट्याला उघडं पाडील, असं तो म्हणाला होता. पाडलंही असेल, पण कधी? दहा वर्षांच्या सोंगानंतर, बंडानंतर, माणसं मेल्यानंतर. त्या रात्री अंगणात उभ्या असलेल्या माणसाला या हमीचा काही उपयोग नव्हता. ‘कुणालाही तोडीस तोड करता आलं नाही’ हे विधान काळ लोटल्यावरच करता येतं. चमत्कार मात्र त्याच क्षणी निर्णय मागतो.

ज्यांनी पाहिलंच नाही त्यांचं काय?

बहुतेक श्रद्धावंत त्या अंगणातही नसतात. ते पिढ्यांनंतर ऐकतात. म्हणून कलामकारांनी साक्षीचाही विचार केला. इतक्या वेगवेगळ्या लोकांनी एखादी गोष्ट सांगितलेली असावी की सगळ्यांनी संगनमत केलं असेल असं म्हणताच येऊ नये. किती लोक पुरेत? चार नक्कीच पुरत नाहीत, असं बाकिल्लानी सांगतो आणि त्याचं कारण न्यायालयातलं आहे. व्यभिचाराच्या खटल्यात चार साक्षीदार लागतात, तरी काझीला त्यांची सचोटी तपासावी लागते. चौघांच्या शब्दाने आपोआप खात्री पटत असती तर त्या तपासणीची गरजच पडली नसती.

याच बाकिल्लानीला बुवैही राजा अदुदुद्दौलाने 982 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलला वकील म्हणून पाठवलं. बाराव्या शतकातला चरित्रकार काझी इयाज सांगतो की तिथल्या सम्राटाने त्याला डिवचलं : तुमच्या प्रेषिताने चंद्र दुभंगला म्हणता, मग तो फक्त तुम्हालाच कसा दिसला, चंद्राशी तुमचं काही नातं आहे काय? बाकिल्लानीने उलट विचारलं : ईसासाठी आकाशातून जेवणाचं ताट उतरलं म्हणता, ते तुम्हालाच कसं दिसलं, यहुद्यांना आणि शेजारच्या ग्रीकांना का नाही? शिवाय ग्रहणही सगळ्या मुलखांत दिसत नाही, असं तो म्हणाला. उत्तर दरबारात टाळ्या घेणारं आहे. पण त्यातून दोघांचेही दावे सारखेच अडचणीत येतात, हेही उघड आहे.

सापापासून शिकवणीकडे

बाराव्या शतकाच्या सुरुवातीला या वादाला वळण देणारा माणूस अशअरींमधलाच निघाला. इमाम गझाली (मृत्यू 1111) आपल्या आत्मचरित्रात म्हणतो ते असं : कुणी मला सांगितलं की तीन हे दहापेक्षा मोठे, आणि पुरावा म्हणून काठीचा साप करून दाखवला, तर त्याने हे कसं केलं याचं मला नवल वाटेल, पण गणिताविषयी तिळमात्र शंका येणार नाही. म्हणजे चमत्कार आणि विधानाचं सत्य यांच्यात आपोआप जुळणारा सांधा नाही. नुसत्या काठीच्या सापावर श्रद्धा उभारली तर ती जादूही असू शकेल, ही शंका कधीच जाणार नाही. प्रेषित ओळखायचा तर त्याची शिकवण आचरून पाहा, तिचा परिणाम पाहा. वैद्यक थोडंफार जाणणारा माणूस खरा वैद्य ओळखतो, तसं.

गझालीच्या मतांशी कडाक्याचं वैर असलेला कोर्दोबाचा इब्न रुश्द (मृत्यू 1198) इथे मात्र त्याच दिशेने गेला. दोन माणसं वैद्य असल्याचा दावा करतात, असं तो म्हणतो. एकाचा पुरावा : मी पाण्यावर चालतो. दुसऱ्याचा पुरावा : मी रोगी बरे करतो. पाण्यावर चालणं कितीही थक्क करणारं असलं तरी त्याचा वैद्यकीशी संबंध नाही. प्रेषिताचं काम लोकांना हिताचा मार्ग देणं हे असेल, तर त्याचा पुरावाही त्याच कामात शोधला पाहिजे.

चौदाव्या शतकात इब्न खल्दून (मृत्यू 1406) याने सगळा वाद गोळा केला. त्याला जादू खरी वाटत होती. माघरेबमध्ये नुसत्या इशाऱ्याने बकऱ्यांची पोटं फाडतात असं मानले जाणारे लोक होते, त्यांच्यापैकी काहींना तो स्वतः भेटला होता. त्याचा निकष नैतिक आहे. जादूगाराची शक्ती त्याच्या स्वतःच्या मनाची असते आणि नुकसानीकडे वळते. प्रेषिताला ईश्वराचा आधार असतो आणि त्याचं कार्य भलाईकडे वळतं. पारा, फळ्या आणि चुंबक यांपासून निघालेला शोध असा चारित्र्यापाशी येऊन थांबला.

शाळेतली शिकवण मात्र जुन्या पेट्यांतच राहिली. नसफीच्या धर्मसूत्रांवरची तफ्ताझानीची (मृत्यू 1390) टीका हिंदुस्थानातल्या मदरशांच्या पारंपरिक अभ्यासक्रमात आजही आहे, आणि प्रेषितांचा मुअजिझा व संतांची करामत या दोन्हींची मान्यता विद्यार्थी त्यातूनच शिकतात.

या पाचशे वर्षांच्या वादाचा हिशेब मांडला तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. लबाडी पकडण्याच्या बाबतीत हे पंडित पक्के होते. सामान कुणाचं, जागा कुणाची, धंद्यातला माणूस काय म्हणतो, वस्तू आली कुठून, ‘आधी’ची साक्ष कुणी दिली, हे त्यांचे प्रश्न आजही एखाद्या बुवापुढे जसेच्या तसे विचारता येतील. खरा चमत्कार सिद्ध करण्यात मात्र दोन्ही पंथ अडले. मुअतझिलांना ईश्वराचा न्यायीपणा आधी मानावा लागला, अशअरींना त्याच्या मौनाचा अर्थ लावावा लागला. अमुक गोष्ट फसवणूक आहे, हे घटनेवरून सिद्ध होतं. अमुक गोष्ट ईश्वराची साक्ष आहे, हे नुसत्या घटनेवरून कधीच सिद्ध होत नाही. हे सर्वांत स्पष्टपणे ओळखणारा गझाली चमत्कार नाकारणारा नव्हता, तो मानणारा होता. म्हणूनच त्याच्या साक्षीला वजन आहे.